मिक्सर मोठा, शब्द दोन आणि उजवीकडे तुमची जागा

प्रश्न: मी कोल्हापुरातून घरगुती उपकरणांचे रिव्ह्यू करते. आता ७५० वॅटच्या मिक्सरवर व्हिडिओ तयार आहे, त्यात कांदा-लसूण मसाला वाटून दाखवलाय. पण थंबनेल जमत नाही. मिक्सर मोठा घेतला की मी मावत नाही, मी मोठी झाले की अक्षरं बारीक होतात. एडिटिंगमध्ये सरकवून सरकवून दमले. या तिन्हींची मांडणी नेमकी कशी करायची?

ताई, सरकवून जमत नाही याचं कारण एडिटिंगमध्ये नाही, फोटोमध्ये आहे. तुमचा फोटो काढताना तिथे अक्षरं येणार आहेत हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. मग जागा नंतर कुठून येणार?

मी राजारामपुरीत डिजिटल बोर्डाच्या कामापासून सुरुवात केली. त्याआधी थोडे दिवस एका पेंटरकाकांच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवल्या. काका ब्रश हातात घ्यायच्या आधी दोरीला खडू लावून पाटीवर रेषा मारायचे. इथे नाव, इथे चित्र, आणि हा तुकडा मोकळा. मोकळा तुकडासुद्धा ते आखून घ्यायचे. थंबनेल करताना मी आजही आधी मोकळी जागाच आखतो. डिजिटल बोर्डाची सवय मात्र मला मुद्दाम मोडावी लागली. वाढदिवसाच्या बोर्डावर वीस चेहरे बसवता येतात, कारण तो वीस फुटांचा असतो आणि ज्याला आपला चेहरा शोधायचा असतो तो थांबून शोधतो. थंबनेल फोनवर अंगठ्याएवढं दिसतं आणि बघणाऱ्याचं बोट हलतच असतं.

तुमच्या मिक्सरचाच हिशोब करू. थंबनेलची चौकट १२८० बाय ७२० पिक्सेल धरा. मिक्सर, भांडं आणि झाकण मिळून उंची साधारण ४० सेंटीमीटर होते. रिव्ह्यूमध्ये वस्तू पहिली दिसायला हवी, म्हणून तिला उंचीतले ६०० पिक्सेल देऊन टाका. वर-खाली थोडी हवा राहते. मिक्सर उभट असतो, त्यामुळे भांड्याचा दांडा धरूनही रुंदीत ४०० पिक्सेलपेक्षा जास्त जागा तो घेत नाही. उरले ८८० पिक्सेल. त्यातले उजवीकडचे ४२० तुमचे. डावीकडे चारशेच्या आसपास उरतात, ते अक्षरांचे, आणि बाकीची थोडी हवा मधल्या फटींना. म्हणजे डावीकडून वाचत आलं तर आधी शब्द, मग मिक्सर, मग तुम्ही.

तुम्ही उजवीकडेच का, याला पक्कं कारण आहे. यूट्यूब उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओच्या वेळेची काळी पट्टी लावतं. थंबनेल जितकं लहान दिसतं तितकी ती पट्टी त्याच्या मानाने मोठी होते. छोट्या आकारात चौकटीचा पाचवा हिस्सा रुंदी ती सहज खाते. म्हणून त्या कोपऱ्यातले सुमारे २६० बाय १३० पिक्सेल गेलेच असं समजून चालायचं. तिथे तुमचा दंड किंवा साडीचा काठ आला तर काहीच बिघडत नाही. अक्षर आलं तर अर्थ बिघडतो. सुरुवातीच्या काळात एका हीटरच्या रिव्ह्यूसाठी मी दोन ओळी लिहिल्या होत्या, वर "चांगला" आणि खाली उजव्या कोपऱ्यात "नाही". माझ्या मोठ्या स्क्रीनवर दोन्ही झकास दिसत होत्या. फोनवर "नाही"वर वेळेची पट्टी बसली आणि ज्या हीटरबद्दल सावध करायचं होतं त्याची आम्हीच शिफारस करून बसलो. दुपारी एका प्रेक्षकाने विचारलं तेव्हा कळलं. तेव्हापासून त्या कोपऱ्यात मी बिंदूसुद्धा ठेवत नाही. तळाच्या कडेलाही अक्षरं टेकवू नका. व्हिडिओ अर्धा बघून सोडला असेल तर तिथे लाल रेघ येते.

आता फोटो. मिक्सर वेगळा, तुम्ही वेगळ्या आणि मग कापून चिकटवायचं, हे टाळता आलं तर टाळा. प्रकाश जुळत नाही, केसांच्या कडा कापलेल्या दिसतात आणि भांड्याच्या स्टीलमध्ये मागचं भलतंच काहीतरी दिसत राहतं. एकाच फोटोत दोघंही येतात, फक्त अंतर मोजून उभं राहायचं.

फोन आडवा करून स्टँडवर लावा, फोटोचं माप १६:९ निवडा आणि २x झूम ठेवा. मिक्सर फोनपासून चार फुटांवर टेबलावर ठेवा. बहुतेक फोनमध्ये या अंतरावर चौकटीची उंची अठ्ठेचाळीस-पन्नास सेंटीमीटर भरते, म्हणजे ४० सेंटीमीटरचा मिक्सर बरोबर हवा तेवढा उंच येतो. तुम्ही टेबलाच्या मागे, फोनपासून सहा फुटांवर उभ्या राहा. अंतर दीडपट झालं की आकार दीडपटीने कमी होतो. मिक्सरच्या शेजारी चार फुटांवर उभ्या राहिलात तर तुमचं डोकंच ३४० पिक्सेलच्या आसपास होईल, अर्धी चौकट. म्हणूनच "मी मोठी होते" असं तुम्हाला वाटतंय. सहा फुटांवरून तेच डोकं २३० पिक्सेलचं होतं, चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा. खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी ४०० पिक्सेलच्या घरात येते आणि आपण ठरवलेल्या ४२० मध्ये तुम्ही नेमक्या मावता. चेहऱ्यावरचा भाव एवढ्या आकारात लहान स्क्रीनवरही कळतो.

फोन जवळ नेऊन १x वर काढला तर चौकट तेवढीच भरते, पण भांडं फुगल्यासारखं आणि खालचा भाग बारीक झाल्यासारखा दिसतो. लोकांना दुकानात दिसणारा मिक्सर आणि तुमचा मिक्सर एकच वाटला पाहिजे, म्हणून जरा लांबून झूम बरा. कॅमेऱ्याची उंची मिक्सरच्या मध्याला किंवा दोन बोटं खाली ठेवा. वरून काढलं की उंच वस्तू बुटकी होते. कॅमेरा तुमच्या तोंडापेक्षा बराच खाली असेल तर हनुवटीखालून फोटो येईल, त्यावर उपाय म्हणजे टेबल उंच घ्यायचं किंवा टेबलावर पाट ठेवून त्यावर मिक्सर ठेवायचा. पाट चौकटीच्या बाहेर राहील इतकं बघा.

कॅमेऱ्यातली ग्रिडची सोय चालू करा. दोन उभ्या रेषा येतात, चौकटीचे तीन खण होतात. उजवा खण तुमचा, मधला मिक्सरचा, डावा पूर्ण मोकळा. त्या डाव्या खणात ओट्यावरची बरणी नको, स्विचबोर्ड नको, कॅलेंडर नको. सगळ्यात जास्त थंबनेल इथे फसतात. मोकळी जागा म्हणजे नुसती माणूस नसलेली जागा नव्हे. तिच्यावर अक्षर ठेवल्यावर मागचं काहीच अक्षराशी भांडणार नाही, इतकी ती सपाट हवी. फरशीचे सांधेसुद्धा शिरोरेषेशी गोंधळ करतात. भिंत साधी नसेल तर एकरंगी चादर इस्त्री करून ताणून लावा. दंडाजवळ मिक्सर थोडा तुमच्या पुढे येत असेल तर येऊ द्या. त्याने साठ-सत्तर पिक्सेल वाचतात आणि मिक्सर पुढे आहे हे डोळ्याला कळतं. अक्षरांवर मात्र काहीच चढू देऊ नका.

पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. दांडा आणि भांडं यांच्यामधली फट फोनला नीट ओळखता येत नाही, तो तिथे अर्धवट धूसर करतो. पारदर्शक झाकणाची कडही खातो.

स्टीलचं भांडं म्हणजे वाकवलेला आरसा. त्यात ट्यूबलाइट उभ्या पांढऱ्या रेघेसारखी दिसते, खिडकीचे गज दिसतात, फोन धरलेला माणूस दिसतो. खोलीतल्या ट्यूब बंद करा. खिडकी डावीकडे असू द्या आणि खिडकी व मिक्सर यांच्यामध्ये बटर पेपर किंवा पातळ पांढरी ओढणी टांगा, म्हणजे भांड्यावर गजांऐवजी एक मऊ, रुंद उजेडाची पट्टी येईल. दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, थर्माकोलचा पांढरा तुकडा. इतकं करूनही भांड्याच्या कडा मागच्या भिंतीत विरघळत असतील तर काळ्या कार्डशीटच्या दोन उभ्या पट्ट्या मिक्सरच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर पण शक्य तितक्या जवळ उभ्या करा. उजवी पट्टी तुमच्या खणात डोकावत असेल तर ती अरुंद घ्या आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला ठेवून बघा. त्या पट्ट्यांचं काळं प्रतिबिंब स्टीलच्या कडेला बारीक रेघ होऊन उतरतं आणि भांडं मागच्या भिंतीपासून सुटं होतं. पेन्सिलीने बाह्यरेषा काढल्यासारखं काम ती रेघ करते. नंतर सॉफ्टवेअरमध्ये चमक देत बसण्यापेक्षा हा खर्च फार कमी आहे.

भिंतीचा रंग निवडताना तीन गोष्टी बघा: तुमचे काळे केस, मिक्सरचं चंदेरी-पांढरं अंग आणि अक्षरांचा रंग. भिंत काळपट असेल तर केस बुडतात, पांढरी असेल तर मिक्सर बुडतो आणि यूट्यूबच्या पांढऱ्या पानावर थंबनेलची कडही हरवते. मी अशा वेळी मध्यम गडद निळसर राखाडी घेतो आणि तुमच्या डोक्यामागे तीच भिंत थोडी उजळ ठेवतो. अक्षरं पांढरी किंवा हळदीपिवळी. फोटो एकदा कृष्णधवल करून बघा. रंग काढल्यावरही केस, मिक्सर आणि अक्षरं तिन्ही सुटी दिसली तर रंग बरोबर आहेत.

आता शब्द. "७५० वॅट मिक्सर ग्राइंडर संपूर्ण मराठी रिव्ह्यू" हे सगळं खाली शीर्षकात येणारच आहे. थंबनेलवर तेच लिहून जागा कशाला घालवायची? मिक्सर आहे हे चित्र सांगतं. कुणी सांगतंय हे तुमचा चेहरा सांगतो. शब्दांनी फक्त एवढंच सांगायचं, की वापरून तुम्हाला काय सापडलं. तुमच्या व्हिडिओत खोबरं, तीळ, कांदा-लसूण सगळं वाटताना मोटर गरम होऊन ओव्हरलोडचं बटण पडलं असेल, तर शब्द आहेत "मोटर तापली". पडलं नसेल तर "मसाला बारीक!" असं काहीतरी. व्हिडिओत जे घडलं नाही ते थंबनेलवर लिहू नका. यूट्यूबच्या नियमांत दिशाभूल करणारं थंबनेल बसत नाही, आणि मसाल्याचं वाटण रोज करणाऱ्या बायका दोन मिनिटांत ओळखतात. "नाद खुळा" आपल्याला सगळ्यांना आवडतं, दिसायलाही ठसठशीत आहे, पण ते मिक्सरलाही लागू होतं आणि मिसळीलाही, त्यामुळे मी ते रिव्ह्यूवर वापरत नाही.

दोनच शब्द का, तेही मोजून दाखवतो. डावीकडे आपल्याकडे ३९० पिक्सेल रुंदी आहे. जाड टाइपमध्ये "तापली" हा शब्द तेवढ्या रुंदीत बसवला की अक्षराचं अंग, शिरोरेषेपासून पायापर्यंत, शंभर पिक्सेलच्या जवळपास येतं. कॉम्प्युटरवर व्हिडिओच्या शेजारच्या यादीत थंबनेल सुमारे १६८ पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे आपली चौकट साडेसात पटींनी आक्रसते आणि ते अक्षर तेरा पिक्सेलचं उरतं. एवढं वाचता येतं. याच जागेत पाच शब्द कोंबले की पाच-सहा पिक्सेलचे ठिपके उरतात.

देवनागरीचं यात एक वेगळं गणित आहे. इंग्रजी थंबनेल बघून शिकलेली मुलं इथे चुकतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा असते, खाली उकार असतो. दोन ओळी एकमेकींच्या खाली ठेवताना वरच्या ओळीत उकार असेल आणि खालच्या ओळीत वेलांटी असेल तर दोन्ही एकमेकांत घुसतात, ओळींत अंतर द्यावं लागतं आणि अक्षर लहान होतं. "मोटर" या शब्दाखाली काहीच लोंबत नाही. म्हणून "तापली"ची वेलांटी थेट त्याच्या पायापर्यंत नेता येते आणि दोन्ही शब्द मोठे राहतात. त्याऐवजी वर "सुरू" असतं तर हे जमलं नसतं. शब्द निवडताना अर्थाबरोबर हे बघायची सवय लावा.

जोडाक्षरांचंही तसंच. "उत्कृष्ट" लहान आकारात काळा गोळा होतो, "भारी" लांबूनही वाचता येतं. अनुस्वाराचा ठिपका तर सगळ्यात आधी गायब होतो, त्यामुळे ज्याचा अर्थ अनुस्वारावरच टेकलाय असा शब्द थंबनेलवर नको.

टाइप म्हणून मुक्त किंवा बलू २ यांची एक्स्ट्राबोल्ड वजनं घ्या. दोन्ही मोफत मिळतात आणि जाड असूनही त्यांच्या आतल्या पोकळ्या उघड्या राहतात. जागा अरुंद आणि शब्द लांब असेल तर खंड हा दाटीचा टाइप कामाला येतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. काळी किनार द्यायची तर ती अक्षराच्या बाहेरच्या बाजूला द्या, आठ-दहा पिक्सेल पुरे. मधोमध किंवा आतल्या बाजूला दिलेली किनार "ण" आणि "ळ"च्या पोकळ्या भरून टाकते. आणि टाइप केल्यावर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं फुटली तर टाइपला दोष देऊ नका. त्या सॉफ्टवेअरला भारतीय लिपी जुळवण्याची सेटिंग चालू नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्याबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक मी बऱ्याच ताईंच्या चॅनेलवर बघतो. मांडणी उलटी बसली की एडिटर फोटो सरळ आडवा फिरवून टाकतो, आरशातल्यासारखा. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर आणि नथ डाव्या बाजूला. फोटो फिरवला की पदर उजव्या खांद्यावर जातो. बघणारीला काय चुकलंय ते शब्दांत सांगता येत नाही, पण काहीतरी परकं वाटतं. मिक्सरवरचं कंपनीचं नावही उलटं होतं. म्हणून फोटो काढतानाच बाजू ठरवा. आपल्या मांडणीत हे आपोआप सोयीचं आहे. तुम्ही उजवीकडे उभ्या आहात, तुमचा डावा खांदा चौकटीच्या बाहेरच्या कडेला आहे, पदर तिकडे राहतो आणि मिक्सरकडे दाखवायला उजवा हात मोकळा मिळतो. हात छातीच्या उंचीवर ठेवा, तळवा मिक्सरकडे. बोट रोखून लांब केलं तर ते मिक्सरच्या खणात शिरतं. नजरेचे दोन फोटो घ्या, एक कॅमेऱ्याकडे बघून आणि एक मिक्सरकडे बघून. "मोटर तापली" असेल तर मी मिक्सरकडे बघणारा घेईन, कारण तुम्ही जिकडे बघता तिकडे प्रेक्षकही बघतो.

सगळं जुळल्यावर चौकट स्क्रीनवर १३ टक्क्यांपर्यंत लहान करा. मग घरातल्या कुणाला तरी एक सेकंद दाखवून झाकून टाका आणि विचारा, काय दिसलं? "मिक्सर" आधी आणि "मोटर तापली" नंतर आलं तर झालं. "तू दिसलीस" हे पहिलं आलं तर अर्धा फूट मागे जाऊन पुन्हा फोटो काढा. मिक्सर ओळखला पण शब्द सांगता आले नाहीत, तर बहुतेक वेळा भिंतीचा उजेड अक्षरांच्या उजेडाजवळ गेलेला असतो. आधी भिंत गडद करून बघा, टाइप नंतर बदला.

नजरेचे दोन फोटो असतीलच, तर यूट्यूब स्टुडिओत थंबनेलची तुलना करायची सोय आहे, तिच्यात दोन्ही लावा. तिथे तीनपर्यंत थंबनेल एकाच वेळी चालवता येतात. निकाल क्लिकवर नाही, कुठल्या थंबनेलवरून आलेल्या लोकांनी जास्त वेळ बघितलं यावर लागतो. दोन थंबनेलमध्ये फरक एकच ठेवा, फक्त नजर. शब्दही बदललेत तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. प्रेक्षक कमी असतील तर दोन आठवडे उलटूनही स्पष्ट निकाल लागत नाही. तेव्हा एक सेकंदाच्या परीक्षेत जे पास झालं तेच ठेवा.

हीच मांडणी तुम्ही पुढे तीन बर्नरच्या शेगडीला लावायला गेलात तर ती बसणार नाही. शेगडी आडवी असते, मधल्या चारशे पिक्सेलच्या खणात ती बिचारी काडेपेटी होते. तिला डावीकडून आठशे पिक्सेल रुंदी द्या, तळापासून थोडी वर ठेवा, शब्द तिच्या वर एकाच ओळीत, आणि तुम्ही उजव्या खणात आहात तिथेच. तिथे कॅमेरा मात्र मिक्सरसारखा मध्याला ठेवू नका, हातभर वर घ्या. समोरून शेगडीची नुसती कड दिसते, बर्नर दिसले तरच ती शेगडी आहे हे कळतं.